गोळीनंतरचं रक्त आणि पुढे-मागे सरकलेली पाळी

इमर्जन्सी गोळी घेतल्यावर पहिले दोन-चार दिवस कसेबसे निघून जातात. घालमेल वाढते ती त्यानंतर. अंतर्वस्त्रावर तपकिरी नाहीतर लाल डाग दिसतो आणि एकीला वाटतं, पाळी आली, सुटले. दुसरीला तोच डाग पाहून वाटतं, आत काहीतरी बिघडलं, आता पुढे मूल होईल की नाही. तिसरीला डागही दिसत नाही आणि ठरल्या तारखेला पाळीही येत नाही. तिची तर झोपच उडते.

तिघींच्याही मनात एकच समजूत असते, की अंगावरून काय जातंय यावरून गर्भ राहिला की नाही ते कळतं. एरवी महिन्याच्या महिन्याला ही समजूत बऱ्यापैकी चालून जाते. गोळी घेतलेल्या महिन्यात मात्र ती चालत नाही. त्या महिन्यात रक्त गेलं म्हणजे गर्भ नाही असं होत नाही, आणि पाळी लांबली म्हणजे गर्भ आहे असंही होत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर गोळी शरीरात नेमकं काय करते ते थोडं शांतपणे पाहावं लागेल.

मेडिकलमध्ये मिळणारी आय-पिल, अनवाँटेड-72 किंवा सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मिळणारी ईझी पिल, नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकच: लेव्होनॉरजेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम. आपल्या अंडाशयात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं, त्याच्यासारखंच काम करणारं हे बनवलेलं औषध आहे. रोज घ्यायच्या माला-डी गोळीतही हेच असतं, पण तिथे एका गोळीत 0.15 मिलिग्रॅम. म्हणजे इमर्जन्सीच्या एका गोळीत माला-डीच्या दहा गोळ्यांइतकं लेव्होनॉरजेस्ट्रेल एकदम पोटात जातं. काही तासांत ते रक्तात भरपूर वाढतं, मग दिवसागणिक उतरत जातं आणि चार-पाच दिवसांत जवळजवळ संपतं. ही चढ आणि हा उतार, पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ यातच आहे.

गोळी थांबवते काय?

पाळी संपल्यावर अंडाशयात एक बीज वाढायला लागतं. ते पुरेसं वाढलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन एकदम उसळून येतं, आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडतं. गोळी ही उसळी दाबते. उसळी आलीच नाही तर बीज त्या वेळी बाहेर पडत नाही, शुक्राणू वाट पाहून पाच दिवसांच्या आत मरतात आणि गर्भधारणा टळते. मात्र उसळी आधीच सुरू झाली असेल तर गोळीचा उपयोग होत नाही. आणि गर्भ रुजलेला असेल तर त्याला गोळी धक्का लावत नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे. ‘शक्य तितक्या लवकर घ्या’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते उसळी यायच्या आत गोळी पोहोचावी म्हणून.

आता रक्ताकडे येऊ. गर्भपिशवीच्या आत एक अस्तर असतं. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेनमुळे ते जाड होत जातं. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्या अस्तराला घट्ट आणि स्थिर करतं, आणि गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन ओसरतं. आधार गेला की अस्तर सुटून पडतं. तीच पाळी.

गोळी घेतल्यावर याचीच छोटी नक्कल होते. अस्तर अजून अर्धवट वाढलेलं असताना प्रोजेस्टेरॉनसारखं औषध एकदम भरपूर येतं आणि काही दिवसांत निघूनही जातं. त्यामुळे अस्तराचा काही भाग इथेतिथे सुटतो. कधी नुसते तपकिरी डाग, कधी दोन-तीन दिवस लाल स्राव, क्वचित अगदी पाळीसारखं रक्त. गोळीनंतर साधारण आठवडाभरात दिसणारा हा प्रकार औषध ओसरल्याचा परिणाम आहे. त्यात पिशवीला इजा होत नाही, आणि पुढे दिवस राहण्याच्या क्षमतेवर परिणाम होत नाही.

हे किती जणींना होतं? जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत केलेला एक मोठा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीड मिलिग्रॅमची गोळी एकदम घेतलेल्यांपैकी 100 मागे सुमारे 31 जणींना पाळीशी संबंध नसलेलं रक्त गेलं. पुढची पाळी आठवड्याहून जास्त लांबली ती मात्र 100 मागे साधारण 5 जणींचीच. बहुतेकींची पाळी अपेक्षित तारखेच्या दोन दिवस मागेपुढेच आली. म्हणजे डाग दिसणं नेहमीचं, न दिसणं त्याहून नेहमीचं. ‘मला काहीच रक्त गेलं नाही, गोळी लागू पडली नाही वाटतं’ अशी भीती घेऊन येणाऱ्या मुली असतात, त्यांना हे सांगायला हवं. रक्त जाणं ही गोळी लागू पडल्याची पावती नाही.

एका महिन्याचा हिशेब

तारखा घातल्या की हे सगळं सोपं होतं, म्हणून एक उदाहरण मांडते. तिला मीनल म्हणू. तिची पाळी नियमित, 28 दिवसांची. या वेळी ती 1 जूनला आली. म्हणजे पुढची अपेक्षित तारीख 29 जून. 10 जूनच्या रात्री कंडोम फाटला. 11 तारखेला दुपारी तिने मेडिकलमधून गोळी आणून घेतली.

तिचं बीज कधी बाहेर पडलं असतं? यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांत बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण दोन आठवडे. लांबतो किंवा आखडतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणून 29 जूनपासून चौदा दिवस मागे मोजायचे: 15 जून. शुक्राणू पाच दिवस टिकू शकतात, म्हणजे 10 तारखेच्या संबंधातून गर्भ राहण्याचा धोका खराच होता. पण एलएचची उसळी 13-14 तारखेच्या आसपास येणार होती आणि गोळी 11 तारखेलाच पोहोचली. वेळेवर घेतली म्हणायची.

16 जूनला मीनलला तपकिरी डाग दिसला. 17 ला थोडं लाल गेलं, एका पॅडमध्ये दिवस निघाला. 18 ला पुन्हा तपकिरी, मग थांबलं. मैत्रीण फोनवर म्हणाली, ‘‘अगं, आली ना पाळी? मग झालं! आता टेस्ट-बिस्ट कशाला?’’ दहापैकी आठ मैत्रिणी हेच म्हणतील. पण ही पाळी नव्हती. पाळी येते ती बीज बाहेर पडून दोन आठवड्यांनी. इथे गोळीला पाचच दिवस झाले होते आणि बीज बहुधा बाहेर पडलेलंच नव्हतं. हे औषध ओसरल्याचं रक्त. त्यावरून गर्भाबद्दल काहीही कळत नाही.

आता पुढे काय होऊ शकतं? एक शक्यता अशी की दबलेलं बीज गोळीचा अंमल ओसरल्यावर पुन्हा वाढायला लागतं आणि समजा 20 जूनला बाहेर पडतं. तिथून दोन आठवडे मोजले की 4 जुलै. म्हणजे पाळी पाच दिवस उशिरा. मीनल 29 जूनपासून रोज धास्तावलेली असेल, पण तिच्या शरीराच्या हिशेबाने पाळी अगदी वेळेवर आली असेल. फक्त त्या हिशेबाची सुरुवात पुढे ढकलली गेली.

दुसरी शक्यता याच्या उलट. ते बीज बाहेर न पडताच आक्रसून जातं, इस्ट्रोजेन खाली येतं आणि अस्तर लवकर सुटतं. मग पाळी 22-23 जूनला, आठवडाभर आधीच येते. गोळी महिन्याच्या सुरुवातीच्या दिवसांत घेतली की पाळी अशी अलीकडे येण्याचा कल दिसतो. जितकी लवकर घेतली तितकी जास्त अलीकडे. मध्यावर, बीज बाहेर पडण्याच्या तोंडावर घेतली तर लांबण्याची शक्यता जास्त.

आणि मीनलने हीच गोळी 22 जूनला घेतली असती तर? तोवर बीज बाहेर पडून आठवडा झालेला असता. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस जगतं, म्हणून 21 तारखेच्या संबंधातून तिला धोका मुळात कमीच होता. थांबवण्यासारखं काही उरलेलं नसल्यामुळे पाळी 29 च्या आसपासच आली असती, फार तर दोन-तीन दिवस इकडेतिकडे. अडचण एवढीच की बीज नेमकं कधी बाहेर पडलं हे घरी बसून कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. नियमित पाळीवालीचंही एखाद्या महिन्यात चार दिवस पुढे जातं. म्हणून ‘माझे सेफ दिवस होते’ या भरवशावर टेस्ट टाळू नये.

टेस्टची तारीख कशी काढायची

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. गर्भ पिशवीत रुजल्याशिवाय एचसीजी हे हार्मोन लघवीत येत नाही, आणि रुजायला बीज बाहेर पडल्यापासून साधारण सहा ते बारा दिवस लागतात. गोळीनंतर आठव्या दिवशी घाबरून केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ एवढाच, की अजून कळण्याची वेळ झालेली नाही. मुली तीन-तीन किट संपवतात आणि प्रत्येक वेळी सुटकेचा श्वास सोडतात. पैसे जातात आणि खोटा दिलासा मिळतो.

तारीख मोजायची ती संबंध झाला त्या दिवसापासून. रक्त कधी गेलं, पाळी कधी अपेक्षित होती, यावर ती अवलंबून ठेवायची नाही, कारण गोळीने नेमक्या त्याच गोष्टी हलवलेल्या असतात. संबंधाला 21 दिवस पूर्ण झाले की टेस्ट करायची. मीनलचा संबंध 10 जूनचा, म्हणजे 1 जुलै. त्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली आणि मधल्या काळात दुसरा असुरक्षित संबंध नसेल, तर 10 तारखेच्या संबंधातून गर्भ राहिलेला नाही असं धरायला हरकत नाही, पाळी अजून आली नसली तरी. त्यानंतर आणखी आठवडाभर पाळी आली नाही तर 8 जुलैला एकदा पुन्हा टेस्ट करावी आणि तरीही निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना दाखवावं. मग कारण थायरॉइड, पीसीओडी, वजनातला बदल असं दुसरं काही असू शकतं.

अपेक्षित तारखेला नेहमीसारखी पाळी आली तर? नेहमीइतके दिवस, नेहमीइतकं रक्त, नेहमीसारखं दुखणं, असं असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पण पाळी नेहमीपेक्षा फार हलकी असेल, दीड दिवसात आटोपली असेल, किंवा वेळेच्या बरीच आधी आली असेल, तर 21 दिवसांची टेस्ट टाळू नका. गर्भ राहिलेला असतानाही सुरुवातीला थोडं रक्त जाऊ शकतं, आणि ते हलक्या पाळीसारखंच दिसतं. ‘पाळी आली होती की’ असं सांगत तिसऱ्या महिन्यात येणाऱ्या बायकांची गोष्ट बहुतेक वेळा इथेच सुरू झालेली असते.

टेस्ट सकाळच्या पहिल्या लघवीची करावी. किटवर दिलेल्या वेळेतच रेघ वाचावी; तासाभराने कचऱ्यातून काढून पुन्हा पाहिलं तर वाळल्यामुळे पुसट रेघ दिसू शकते आणि नसती धास्ती बसते. वेळेत दिसलेली टी ची रेघ मात्र कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच. सी ची रेघ उमटली नाही तर किट खराब, दुसरं आणायचं. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं, त्यासाठी मेडिकलवाल्यासमोर उभं राहायची गरज नाही.

कोणतं रक्त घरी बसून पाहायचं नाही

डाग, दोन-चार दिवसांचा हलका स्राव, एक पाळी नेहमीपेक्षा जरा जास्त, त्यासोबत थोडं पोटात दुखणं, मळमळ, छाती जड वाटणं, हे सगळं आपोआप थांबतं. औषध लागत नाही. रक्त थांबवायची गोळी तर मनाने घेऊच नये. एका हार्मोनने हललेल्या महिन्यात दुसरं हार्मोन टाकलं की पुढे काय कशामुळे होतंय हे डॉक्टरांनाही उलगडायला अवघड जातं.

पण दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन तास चाललंय, मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय, तर थांबू नये. इतकं रक्त या गोळीने सहसा जात नाही. दुसरं काहीतरी कारण शोधावं लागतं.

आणि एक गोष्ट मला जरा थांबून सांगायची आहे, कारण तिथे उशीर जिवावर बेततो. गोळी घेऊन तीन ते पाच आठवडे झालेत, पाळी आलेली नाही किंवा विचित्र थोडंथोडं रक्त जातंय, आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय. अशा वेळी गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असण्याची शक्यता तपासलीच पाहिजे. नळीतला गर्भ वाढला की नळी फुटते आणि पोटाच्या आत रक्तस्राव होतो. बाहेर दिसणारं रक्त अगदी कमी असतं, म्हणून घरचे ‘पाळीचं दुखणं’ समजून गरम पाण्याची पिशवी देत राहतात. खांद्याच्या टोकाशी दुखणं, घेरी येणं, घाम फुटून अंग गार पडणं ही पोटात रक्त साचल्याची लक्षणं. गोळीमुळे नळीतला गर्भ राहण्याचा धोका वाढतो असं नाही. पण गोळी निकामी ठरून गर्भ राहिलाच, तर तो कुठे आहे हे पाहिलं गेलं पाहिजे. आधी कधी नळीतला गर्भ राहिला असेल, नळीचं ऑपरेशन झालं असेल, तर अशा बाईने पाळी चुकताच तपासणी करून घ्यावी. सोनोग्राफी आणि रक्तातली एचसीजीची पातळी, या दोन्हींवरून निदान होतं.

गोळी कधी तोकडी पडते

रक्ताचा अर्थ लावताना गोळी नीट काम करण्याची शक्यता किती होती हेही पाहावं लागतं. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर औषध पुरतं शोषलं जात नाही, गोळी पुन्हा घ्यावी लागते. 72 तास उलटल्यावर घेतली तर परिणाम कमी होत जातो. वजन जास्त असणाऱ्या बायकांत ती कमी परिणामकारक ठरू शकते. आणि आपल्याकडे फार महत्त्वाचं म्हणजे टीबीचं औषध. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की लेव्होनॉरजेस्ट्रेल झपाट्याने नष्ट होतं. फिट्सच्या काही गोळ्या, जसं कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन, आणि एचआयव्हीच्या उपचारातलं एफाव्हिरेन्झ यांचंही तसंच. यांपैकी काही चालू असेल तर एका गोळीवर विसंबून राहू नये, डॉक्टरांना विचारावं. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं हा इमर्जन्सीचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. त्यावर या औषधांचा आणि वजनाचा परिणाम होत नाही, आणि पुढची कित्येक वर्षं तीच गर्भनिरोधक म्हणून चालते.

मीनलकडे एकदा परत जाऊ. तिचं बीज 15 ऐवजी 20 जूनला बाहेर पडलं असं आपण धरलं. म्हणजे 16 ते 20 हे दिवस, ज्यात तिला ‘पाळी आली’ असं वाटत होतं, तेच तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचे होते. गोळी झालेल्या संबंधासाठी असते, होणाऱ्या संबंधासाठी नाही. बीज पुढे ढकललं जातं, म्हणून गोळीनंतरचा आठवडा-दोन आठवडे उलट जास्त जपावे लागतात. गोळी घेऊनही दिवस गेले अशा बऱ्याच तक्रारींच्या मागे गोळीनंतरचा हा दुसरा संबंध असतो. पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरावा. रोजची गोळी सुरू करायची असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलनंतर लगेच करता येते, फक्त पहिले सात दिवस सोबत कंडोम हवा. अशी मधूनच सुरू केली तर त्या महिन्याची पाळी कशी येईल याचा अंदाज आणखीनच बांधता येत नाही, म्हणून 21 दिवसांची टेस्ट तिथे सक्तीची समजावी.

एकाच महिन्यात दोन-तीनदा गोळी घेतली तर? शरीराला मोठा अपाय होतो असं नाही, पण प्रत्येक गोळी आपापली चढ-उतार घेऊन येते आणि रक्त कधी, किती जाईल याला धरबंध उरत नाही. कुठलं रक्त पाळीचं हे तिलाच कळेनासं होतं. अशा वेळी छाया ही आठवड्याची गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, कॉपर-टी, रोजची गोळी असं काहीतरी नियमित बोलून ठरवावं. ही सगळी सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

दोन गोळ्यांची सरमिसळ

‘पाळी आणायची गोळी द्या’ असं म्हणून मेडिकलमध्ये गेलं की हाती काय पडेल याचा नेम नसतो. कुठे नॉरएथिस्टेरॉन मिळतं, जे बंद केल्यावर रक्त जातं पण असलेला गर्भ त्याने जात नाही. कुठे थेट गर्भपाताचं किट, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. हे औषध वेगळं, त्याचं रक्त वेगळं: पोटात कळा येऊन, गाठींसह, पाळीहून बरंच जास्त. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गर्भ पिशवीतच आहे आणि नऊ आठवड्यांच्या आतला आहे याची खात्री करून घ्यायचं असतं. नळीतल्या गर्भावर त्याचा उपयोग होत नाही. पण रक्त जातं, बाई निर्धास्त होते आणि आत गर्भ वाढत राहतो. म्हणून पाळी लांबली तर आधी टेस्ट, मग औषध. हा क्रम उलटा करू नये.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर गोळीने गर्भाला व्यंग झालं असेल ही भीती बाळगू नका. असा परिणाम आढळलेला नाही. गर्भ ठेवायचा असेल तर नेहमीसारखी नोंदणी करावी. ठेवायचा नसेल तर गर्भनिरोधक निकामी ठरणं हे कायद्याने मान्य असलेलं कारण आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले, म्हणजे लग्न झालेलं नसलं तरी या कारणासाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अठरा वर्षांवरील बाईला नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

बहुतेकींचा महिना मात्र एवढा वळसा न घेता मार्गी लागतो. गोळीनंतरची पहिली पाळी पुढे-मागे होते, दुसरी कधी एखाद-दुसरा दिवस जास्त चालते, आणि मग चक्र पूर्वीच्या अंतरावर येतं. दोन-तीन महिने उलटूनही ते अंतर विस्कटलेलंच असेल तर दोष गोळीवर टाकून वाट पाहत बसू नका, तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाताना चार तारखा कागदावर लिहून न्या: शेवटची नेहमीची पाळी कधी सुरू झाली, संबंध कधी झाला, गोळी कधी आणि किती वाजता घेतली, आणि मधलं रक्त कोणत्या दिवशी, किती पॅड गेलं. सोबत कोणती औषधं चालू आहेत तेही. बऱ्याच वेळा एवढ्या माहितीवरच उत्तर मिळून जातं.